आईच्या चोवीस तासांची वही

आपल्या समाजात वृद्ध आईवडिलांनी कोठे राहावे, हा प्रश्न बहुधा ‘कुणाकडे’ या शब्दाने विचारला जातो. थोरल्याकडे की धाकट्याकडे, गावी की शहरात. आणि अलीकडे, आवाज थोडा खाली आणून, ‘तिकडे कुठे ठेवायचं म्हणताय का?’ असेही विचारले जाते. या प्रश्नात मुलांच्या कर्तव्याचे माप असते, लोकांच्या नजरेचा धाक असतो, वाटणीचा हिशेबही असतो. ज्या माणसाला राहायचे आहे त्याला दिवसाच्या कोणत्या तासाला कशाची गरज पडते, ही गोष्ट मात्र त्यात क्वचितच असते. मी ३४ वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली. रुग्णालयातून घरी जाणाऱ्या शेकडो वृद्धांच्या मुलांना मी खाटेपाशी उभे राहून हीच चर्चा करताना ऐकले आहे. गेल्या वर्षी ती चर्चा आमच्या घरी झाली, आणि तिच्यासाठी आम्ही जी पद्धत वापरली ती वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

आई ८२ वर्षांची. सांगलीजवळ कृष्णाकाठच्या आमच्या गावी, वडिलांच्या मागे ११ वर्षे ती एकटी राहत आली. मधुमेह, रक्तदाब आणि झिजलेले गुडघे ही तिची दुखणी. कानाला यंत्र आहे. ते रात्री काढून ठेवते. बुद्धी लख्ख आहे. सकाळी बस्तीत दर्शन, दुपारी चार बायकांसह स्वाध्याय, सूर्यास्तापूर्वी जेवण आणि त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही, असा तिचा क्रम लग्नापासून मोडलेला नाही. गेल्या जानेवारीत पहाटे चारच्या सुमारास परसातल्या शौचालयाकडे जाताना ती दुसऱ्या उंबऱ्याला अडखळून पडली. डाव्या मनगटाचे हाड मोडले. त्याहून काळजीची गोष्ट अशी, की साडेसहाला दूध घालणारा येईपर्यंत ती थंड फरशीवर पडून होती. वृद्ध माणूस पडणे हे एक संकट. पडल्यावर तासापेक्षा अधिक वेळ न उठता पडून राहणे हे दुसरे. त्यात स्नायूंना इजा होते, शरीरातले पाणी कमी होते, फुप्फुसात संसर्गाची भीती असते आणि पुढे एकटे चालण्याची हिंमतच जाते.

प्लॅस्टर घातल्यावर आम्ही तिघे भावंडे बसलो. पुण्याचा भाऊ म्हणाला, “आक्का, आता चर्चा नको. मी आईला घेऊन जातो.” बंगळूरच्या धाकट्याने पुण्याजवळच्या दोन निवाससंस्थांची माहितीपत्रके पाठवली. आई म्हणाली, “माझं घर सोडून मी कुठंबी जायची न्हाई.” तिघांचेही म्हणणे प्रेमातूनच आले होते, आणि तिघांपैकी कुणीही आईचा दिवस पुरता पाहिलेला नव्हता.

बर्नार्ड आयझॅक्स नावाचे एक ब्रिटिश वृद्धरोगतज्ज्ञ होऊन गेले. वृद्धाला किती आजार आहेत यापेक्षा, त्याला दोन मदतींच्या मध्ये किती वेळ एकटे सोडता येते, यावर त्याची निकड मोजावी, असा विचार त्यांनी १९७०च्या दशकात मांडला. काही गरजा दीर्घ अंतराच्या असतात: बाजार, धुणे, बँकेचे काम. त्या आठवड्यातून एकदा भागल्या तरी चालते. काही अल्प अंतराच्या असतात: जेवण, अंघोळ, औषधे. त्या रोज, दिवसातून काही वेळा येतात, पण त्यांची वेळ ठाऊक असते. तिसऱ्या गरजांची वेळच सांगता येत नाही: पडणे, रात्री शौचाला उठणे, अंथरूण ओले होणे, मन भ्रमिष्ट होऊन दार उघडून निघून जाणे. पहिल्या दोन प्रकारांसाठी येऊन-जाऊन मदत करणारे माणूस पुरते. तिसरा प्रकार सुरू झाला, की कुणीतरी हाकेच्या अंतरावर असावेच लागते, मग ती हाक मुलाच्या घरात ऐकली जावो, संस्थेत किंवा स्वतःच्या घरात.

प्लॅस्टर निघाल्यावर मी दोन आठवडे गावी राहिले आणि एक वही घातली. ज्या ज्या वेळी आईला दुसऱ्याचा हात लागला ती वेळ, काम आणि लागलेली मिनिटे एवढेच तिच्यात लिहायचे. मदत करण्याआधी मनात वीस अंक मोजायचे, हा माझाच नियम. आपण उतावळेपणाने पुढे होतो, आणि माणूस स्वतः काय करू शकते ते कळतच नाही. १४ दिवसांनी वही पाहिली तेव्हा मलाही नवल वाटले. दिवसा आईला मदत लागत होती ती तीनच ठिकाणी: सकाळी अंघोळीला सुमारे २५ मिनिटे, पाणी भरून गाळण्याला आणि जड भांडी उचलायला अर्धा तास, आणि औषधांच्या डबीची आठवण. भाजी चिरणे, स्वयंपाक, देवपूजा, हिशेब, फोन हे सारे तिचे तीच करीत होती. दिवसाच्या पानांवर वेळ न सांगता येणारे एकही काम नव्हते. रात्रीची पाने मात्र भरलेली होती. साडेदहा, एक, चार अशी ती रोज तीनदा उठत होती, आणि प्रत्येक वेळी पहिली चार पावले भिंतीला धरून टाकत होती.

म्हणजे आमच्यापुढचा खरा प्रश्न रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांचा होता. तिन्ही पर्याय आम्ही त्या आठ तासांवर घासून पाहिले.

पुण्याचे घर आईने प्लॅस्टरच्या दिवसांत पाच आठवडे अनुभवले होते. तेथे रात्र निर्धास्त होती; भाऊ शेजारच्याच खोलीत. पण दिवस? भाऊ आणि वहिनी दोघेही साडेआठला बाहेर पडतात आणि सातनंतर येतात. नात महाविद्यालयात. चौथ्या मजल्यावरच्या बंद दारामागे आई साडेदहा तास एकटी. म्हणजे मुलाजवळ राहूनही दिवसा तिला मदतनीस लागणारच होती. ब्यूरोने बारा तासांच्या बाईसाठी महिना २० हजार रुपये सांगितले. वहिनींनी आपल्याकडून काही कमी केले नाही. सकाळी निघण्यापूर्वी त्या आईचे दोन्ही वेळचे जेवण, कांदा-लसूण आणि कंदमुळे वगळून, करून ठेवत. पण थंडीत सूर्य सहाच्या आसपास मावळतो. आई साडेपाचला एकटी बसून सकाळचे गार अन्न दोन घास खाई आणि रात्री नऊला घरातले सारे जेवायला बसत तेव्हा बाजूला माळ घेऊन बसे. ती तक्रार करणाऱ्यांपैकी नाही. तक्रार वजनकाट्याने केली: पाच आठवड्यांत अडीच किलो वजन उतरले. वृद्ध माणसाला नवी जागा मानवते की नाही हे त्याला विचारून नेहमी कळत नाही. वजन, झोप आणि शौचाची नियमितता यांवरून कळते.

आणखी एक गोष्ट तेथे घडली. गावच्या घरात पलंगावरून उतरले की शौचालयाची वाट डावीकडे आहे. पुण्यात ती उजवीकडे होती. आई रात्री उठली की पाय सवयीने डावीकडे वळत आणि ती स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी जाऊन उभी राही. यात स्मृतिभ्रंश नव्हता. साठ वर्षांची वाट पायांना पाठ असते, आणि अर्धवट झोपेत माणूस पायांचे ऐकते. आईवडिलांना नव्या घरी आणायचे झालेच, तर पलंग शक्यतो अशा बाजूने लावावा, की उतरल्यावरची दिशा जुन्या घरासारखीच राहील. भावाने शेवटच्या आठवड्यात तसे केले आणि तो घोळ थांबला.

संस्था पाहायला मी आणि धाकटा भाऊ गेलो. येथे शब्दांची फार गल्लत होते, म्हणून थोडे थांबून सांगते. ज्येष्ठांसाठीची गृहसंकुले आणि मदतीसह निवास या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या संकुलात बाग, भोजनगृह, डॉक्टरांची ठरावीक वेळ, करमणुकीचे कार्यक्रम सारे होते. पण करारात प्रवेशाच्या वेळी माणूस स्वतःचे स्वतः करणारे असावे अशी अट होती, आणि पुढे मदत लागली तर मदतनीस आपण आपल्या खर्चाने ठेवायची होती. म्हणजे रात्रीचे आठ तास तेथेही आमच्याच अंगावर. दुसरी संस्था मदतीसह निवासाची. महिना ४८ हजार रुपये आणि ५ लाख अनामत. पलंगाशी आणि शौचालयात घंटा, चोवीस तास परिचारिका, आठवड्यातून दोनदा व्यायामतज्ज्ञ. अशा जागा बहुतेक लोक सकाळी अकराला पाहून येतात, तेव्हा सर्व कर्मचारी हजर असतात आणि फरशी नुकतीच पुसलेली असते. आम्ही रात्री साडेआठला जाण्याची परवानगी मागितली आणि त्यांनी ती दिली, ही त्यांच्या बाजूची गोष्ट. त्या मजल्यावर २२ रहिवासी आणि रात्रपाळीला दोन मदतनीस होत्या. एका रिकाम्या खोलीतली घंटा आम्ही सांगून न सवरता दाबली. चार मिनिटांनी बाई आली. उशीर झाला असे मी म्हणणार नाही. बावीस माणसांत दोघींना याहून लवकर येणे अवघड. पण आई उठून उभी राहते ती घंटा दाबल्यावर चार मिनिटे थांबून नव्हे, हेही मला ठाऊक होते.

जेवणाबद्दल त्यांनी मोकळेपणाने सांगितले. जैन जेवण मिळेल, म्हणजे कांदा-लसणाशिवाय. बटाटा वगळून हवे असेल तर आधी सांगावे लागेल. रात्रीचे जेवण साडेसातचे. आमच्यासाठी साडेपाचला डब्यात काढून खोलीत ठेवता येईल. ज्यांच्या घरी हा नियम पाळला जातो त्यांनी ‘जैन जेवण’ या दोन शब्दांवर समाधान मानू नये, घड्याळ आणि भाजीची यादी दोन्ही विचारावीत. करारातले मी ज्या कलमापाशी सर्वांत अधिक वेळ थांबले ते बाहेर पडण्याचे होते. प्रकृती बिघडून माणूस अंथरुणाला खिळले, किंवा स्मृतिभ्रंशाने रात्री ओरडू लागले, तर संस्था त्याला ठेवील की तीस दिवसांची नोटीस देईल? तेथे नोटिशीचे कलम होते. ज्या दिवसासाठी मुले अनामत भरतात तोच दिवस कराराबाहेर असू शकतो. हे दोष म्हणून सांगत नाही, कारण कर्मचारी मोजकेच असतील तर त्यांनाही मर्यादा घालावी लागते. पण सही करण्यापूर्वी ते कलम मोठ्याने वाचले पाहिजे.

अनामतीसाठी गावचे घर विकावे अशीही सूचना निघाली. घर आईच्या नावावर आहे. तिने एवढेच विचारले, “तिथं नाही जमलं तर मी परत कुठं येऊ?” त्यावर कुणाजवळ उत्तर नव्हते, म्हणून एक वर्ष घराला हात लावायचा नाही असे ठरले. घर मुलांच्या नावे करून देण्याचा विचार ज्या आईवडिलांच्या मनात असेल त्यांनी एक कायदा ध्यानात ठेवावा. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडली गेल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. पण ती अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहिलेली असावी; मनातली अट पुढे सिद्ध करता करता आयुष्य सरते.

आता राहिले गावचे घर. आणि येथे मला अगोदर एक वेगळीच गोष्ट पाहायची होती: रात्री तीनदा उठणे ही गोष्ट अटळ आहे का? राहण्याचे ठिकाण ठरवण्याच्या घाईत आपण गरज कमी करता येते का हे विचारतच नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी वही दाखवली. त्यांनी आईला पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब मोजला: वरचा आकडा १४८. उभे करून एका मिनिटाने पुन्हा मोजला: ११८. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर तो माणूस उठताच डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडू शकतो. आईची भिंतीला धरून टाकलेली पहिली चार पावले त्या ३० आकड्यांची होती. नेहमीच्या तपासणीत माणूस खुर्चीवर बसलेले असते, म्हणून हे सापडत नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या संध्याकाळच्या गोळीचे प्रमाण आणि वेळ बदलली. उठताना दोन मिनिटे पलंगाच्या कडेला बसून पावले वरखाली हलवायची आणि मगच उभे राहायचे, हे तिला शिकवले.

मग पाणी. सूर्यास्तानंतर पाणी नाही म्हणून आई संध्याकाळी पाच ते सहा या तासात दोन तांबे पाणी पिऊन घेत असे. दिवसभर मात्र तहान लागेपर्यंत घोटही नाही, आणि म्हातारपणी तहान उशिराच लागते. ते दोन तांबे रात्री तीन वेळा उठवत होते. त्यात दिवसभर खाली लोंबकळलेल्या पायांना सूज यायची. आडवे झाल्यावर तेच पाणी रक्तात परतून मूत्रपिंडाकडे जायचे. डॉक्टर म्हणाले, “आजी, पाणी कमी करायचं नाही, पुढं ओढायचं.” आता सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत तांब्यावर खडूची खूण करून पाणी ठरले आहे, साडेपाचला फक्त एक पेला. दुपारी स्वाध्यायानंतर तासभर पाय उशीवर. नियम जसाच्या तसा राहिला आणि तीन आठवड्यांत रात्रीचे उठणे तीनवरून बहुधा एकावर आले, तेही पहाटे चारचे, ज्याची वेळ जवळजवळ ठरलेली. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी पाण्याचे प्रमाण स्वतःच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

उपवासाचाही प्रश्न होता. आई अष्टमी-चतुर्दशीला एकाशन करते. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात, की जेवण चुकले तरी त्या साखर खाली ओढतच राहतात. रात्री साखर उतरली तर घाम, थरथर, असंबद्ध बोलणे आणि शेवटी बेशुद्धी. डॉक्टरांनी ती गोळी काढून साखर फारशी न उतरवणारी दुसरी दिली. तरीही, तशी वेळ आलीच तर काय करायचे, हे मी आईलाच विचारले, कारण व्रत तिचे आहे. तिने दोन दिवस विचार केला आणि सांगितले, “शुद्ध हरपायला लागली तर तोंडात साखर घाला. मी नंतर माझं प्रायश्चित्त घेईन.” हे बोलणे माणूस सावध असतानाच झाले पाहिजे. घास गिळता येत नसेल इतकी शुद्ध गेली असेल, तर मात्र तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठायचे, हे रात्रीच्या सोबतीणबाईंना मी वेगळे समजावून सांगितले आहे.

घरात केलेले बदल थोडे आणि स्वस्त होते; एकूण ४६ हजार रुपये लागले. झोपायच्या खोलीला लागून जुनी कोठी होती, तिचेच शौचालय व न्हाणीघर केले. त्यामुळे दोन्ही उंबरे वाटेतून गेले आणि वाट सात पावलांची झाली, डावीकडचीच. कमोडच्या बाजूला आणि अंघोळीच्या पाटाऐवजी ठेवलेल्या खुर्चीपाशी आधाराच्या दांड्या बसवल्या. येथे एक इशारा: टॉवेल अडकवायच्या नळ्या आधाराला धरू नयेत, त्या माणसाच्या वजनाने उखडतात, आणि जुन्या मातीच्या भिंतीत तर दांडीमागे लाकडी फळी बसवूनच बोल्ट मारावे लागतात. दाराची कडी अशी केली, की ती बाहेरूनही उघडावी. रात्रभर एक मंद दिवा. आणि पलंगाच्या कडेला साध्या बिनतारी घंटेचे बटण, ज्याची घंटा शेजारच्या खोलीत वाजते.

त्या शेजारच्या खोलीत आता गल्लीतल्या एक विधवा बाई झोपायला येतात. रात्री साडेआठला येतात, सकाळी सहाला जातात. त्यांना महिना ९ हजार रुपये, चार सुट्ट्या, आणि सुट्टीच्या रात्री त्यांची भाची येते. सकाळी अंघोळ, पाणी आणि धुण्यासाठी दुसरी बाई, ४ हजार. ब्यूरोच्या बायका चांगल्या नसतात असे नाही, पण त्या बदलत राहतात, आणि दर महिन्याला नव्या हातांनी अंघोळ घालून घेणे वृद्ध बाईला किती संकोचाचे होते ते मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे. खर्च तिघा भावंडांत सारखा वाटला आहे. पैसे देणे सर्वांत सोपे निघाले. अवघड आहे ते देखरेखीचे काम: सुट्ट्या, आजारपण, रुसवे, गोळ्यांचा डबा. ते एकाच्याच नावावर असावे, नाहीतर तिघांनाही दुसऱ्याने पाहिले असेल असे वाटत राहते. आमच्यात ते माझ्याकडे आहे. कोल्हापूरहून मी दर गुरुवारी जाते आणि आईला वजनकाट्यावर उभी करते.

ही व्यवस्था कायमची नाही, हे आईसह सर्वांना ठाऊक आहे. केव्हा मोडायची ते आम्ही ठरवून त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले आहे. तीन महिन्यांत दोनदा पडली तर. पलंगावरून उठवायला दोन माणसे लागू लागली तर. शेगडी विसरली तर. रात्रीची बाई सुटून महिनाभर दुसरी मिळाली नाही तर. त्याच्या खाली, मग कोठे, हेही लिहायचे होते. भावाने गृहीत धरले होते की मग पुणे. आई म्हणाली, “मग त्या संस्थेत.” बराच वेळ कुणी बोलले नाही. भावाचा चेहरा उतरला. शेवटी त्याने विचारले, “आई, मी असताना?” ती म्हणाली, “अरे, तू आहेसच की. पण रात्री तीनदा सुनेला उठवायचं माझ्या जिवावर येतं. ती सकाळी आठला कामाला जाते. तिथल्या बाईला मी घंटा वाजवून बोलवीन, तिला त्याचा पगार मिळतो. मला मिंधं वाटणार न्हाई.”

‘लोक काय म्हणतील’ याची भीती भावाला अजूनही वाटते, आणि ती खोटी नाही. आपल्या बस्तीच्या ओट्यावर एखाद्याच्या आईचे नाव संस्थेशी जोडले गेले, की त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलते. मला मात्र आईच्या उत्तरात मुलाचा अव्हेर दिसला नाही. मदत घेण्यातला संकोच कोणासमोर कमी वाटेल, हे तिने सांगितले, आणि ते तिच्याखेरीज दुसरे कुणी सांगू शकत नव्हते. तिचे वाक्य मी वहीत जसेच्या तसे लिहिले आणि भावाने त्याखाली सही केली.

एक गोष्ट वहीत उशिरा आली, ती पुराची. आमची गल्ली नदीच्या बाजूची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले तेव्हा रस्ते बंद झाले होते आणि मी कोल्हापुरात असूनही आईपर्यंत पोहोचू शकले नव्हते. तरुण मुलांनी तिला ट्रॅक्टरमधून बाहेर काढले. तेव्हा ती ट्रॅक्टरवर चढू शकली. आता तिला चढता येणार नाही. पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोक्याची ४५. गावात लोक ४० ला सामान बांधू लागतात. आईसाठी आम्ही ३५ फूट ठरवले आहे: पाणी वाढत जाऊन त्या आकड्याला आले, की मी गाडी घेऊन निघायचे आणि तिने वाद न घालता बसायचे. तिने मान्य केले, पण जिनदर्शनाशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही, म्हणून माझ्या घराजवळची बस्ती किती पावलांवर आहे, पायऱ्या किती आहेत आणि कठडा कोणत्या बाजूला आहे, ते मोजून कळवायला सांगितले. पायऱ्या सात आहेत, कठडा उजवीकडे. मोडलेला हात डावा, म्हणून जमेल.